जपानीच्या पहिल्या तासाला स्वतःची ओळख: सहा वाक्यं आणि त्यांच्या खाचाखोचा

जपानी भाषेच्या कुठल्याही वर्गात, पुण्यात असो, मुंबईत असो की घरबसल्या पडद्यावर, पहिल्या तासाला एक गोष्ट हमखास होते. शिक्षक एकेकाला उभं करतात आणि स्वतःची ओळख करून द्यायला सांगतात. याला जपानीत जिकोशोऽकाइ म्हणतात. 'जिको' म्हणजे स्वतः, 'शोऽकाइ' म्हणजे ओळख करून देणं. जपानमध्ये हा प्रकार शाळेच्या पहिल्या दिवशी, नोकरीच्या पहिल्या दिवशी, अगदी एखाद्या छंदवर्गातही होतो. त्याचा साचा इतका ठरलेला आहे की सहा वाक्यांत काम होतं.

आधी मजकूर देतो, मग त्याची चिरफाड करू. समजा, तुमचं नाव प्रसाद, गाव सातारा, नोकरी एका कंपनीत आणि रविवारी पाय सिंहगडाकडे वळतात. तर वर्गात उभं राहून असं म्हणायचं:

हाजिमेमाश्ते.
(पहिल्यांदाच भेटतोय.)

पुरासाऽदो देस्.
(प्रसाद आहे.)

सातारा कारा किमाश्ता.
(साताऱ्याहून आलो.)

काइशाइन् देस्.
(कंपनीत नोकरीला आहे.)

यामानोबोरि गा स्कि देस्.
(डोंगर चढायला आवडतं.)

दोऽजो योरोश्कु ओनेगाइशिमास्.
(लोभ असावा.)

एवढंच. वीस सेकंदांच्या आत संपतं. बोलणारी स्मिता असली तरी क्रियापदं हीच राहतात. मराठीत 'आलो' आणि 'आले' असा फरक पडतो, जपानीत 'किमाश्ता' दोघांनाही चालतं.

वाचायचं कसं

वरच्या लिखाणात मी तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्या सांगून टाकतो.

जपानीत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ मिळतो. 'का' हा 'काम'मधल्या कासारखाच ऐकू येतो, पण तो निम्म्या वेळात संपवायचा. जिथे ऽ हे चिन्ह आहे तिथे स्वर आणखी एक ठोका लांबवायचा. हा ठोका चुकला तर शब्दच बदलतो. 'ओबासान्' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान्' म्हणजे आजी. पन्नाशीच्या बाईंना चुकून आजी म्हटलं तर पुढचा तास कसा जाईल ते तुम्हीच ठरवा.

दुसरं, सुटा 'न्' हासुद्धा पूर्ण एक ठोका आहे. शिक्षकांना हाक मारायचा शब्द 'सेन्सेऽ' हा टाळ्या वाजवत म्हणून पाहा: से, न्, से, ए. चार टाळ्या. आपण मराठी माणसं 'सेन्स' या इंग्रजी शब्दाच्या सवयीने तो तीन टाळ्यांत उरकतो आणि जपानी कानाला काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. 'काइशाइन्' पाच टाळ्यांचा आहे: का, इ, शा, इ, न्. सहाही वाक्यं घरी अशी टाळ्या वाजवत दोनदा म्हटलीत तर उच्चाराचं निम्मं काम झालं.

तिसरं, काही ठिकाणी 'इ' आणि 'उ' हे स्वर लिहिलेले असतात पण ऐकू येत नाहीत. लिहिताना 'देसु', बोलताना 'देस्'. लिहिताना 'हाजिमेमाशिते', बोलताना 'हाजिमेमाश्ते'. 'सुकि' बोलताना 'स्कि' होतो. क, स, श, त अशा अघोष व्यंजनांच्या मध्ये हे स्वर सापडले, किंवा वाक्याच्या शेवटी 'सु' आला, की ते कुजबुजल्यासारखे होतात. 'ओनेगाइशिमास्'मधला 'शि' मात्र पूर्ण म्हणायचा, कारण त्याच्यापुढे 'मा' आहे. ठोका मात्र कुठेच कमी होत नाही. स्वर गिळला तरी त्याची जागा रिकामी ठेवायची.

इथे मराठीची एक चैन आहे. आपल्याकडे च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि जपानीतही जवळपास तेच दोन आहेत. 'हाजिमेमाश्ते'मधला जि हा जिऱ्यातला. 'दोऽजो'मधला जो हा 'जोर'मधला. जपानीत 'त्सु' म्हणून एक अक्षर येतं, ते म्हणजे 'चूल'मधला च, फक्त ऱ्हस्व. माझ्याबरोबर शिकणाऱ्या कानपूरच्या मित्राला हा 'त्सु' काही केल्या जमेना. मी त्याला 'चूल' म्हणायला शिकवलं. जपानी सुधारलं आणि मराठीतला एक शब्दही आला.

वाक्य पहिलं: हाजिमेमाश्ते

'सुरुवात' या अर्थाच्या शब्दातून हे आलं आहे. आपण प्रथमच भेटतो आहोत, एवढाच त्याचा आशय. म्हणून ते एका माणसाला आयुष्यात एकदाच म्हणायचं. दुसऱ्या तासाला आत येताना उत्साहाने पुन्हा 'हाजिमेमाश्ते' म्हटलं तर त्याचा अर्थ, मी तुम्हाला विसरलो, असा होतो. दुसऱ्या दिवसापासून दुपारी 'कोन्निचिवा' आणि संध्याकाळी 'कोन्बान्वा' म्हणा.

वाक्य दुसरं: नाव

बहुतेक पुस्तकं 'वाताशि वा अमुक देस्' असं शिकवतात. 'वाताशि' म्हणजे मी, 'वा' हा विषय दाखवणारा प्रत्यय. तुम्ही हिरागाना लिपीतून वाचत असाल तर लक्षात ठेवा: हा प्रत्यय 'हा' या अक्षराने लिहितात आणि 'वा' असा वाचतात. वाक्य बरोबरच आहे. पण तुम्ही उभे आहात, सगळे तुमच्याकडे बघताहेत, तेव्हा कोणाबद्दल बोलताय हे उघड आहे. मराठीत आपण प्रत्येक वाक्यात 'मी' म्हणतो का? 'साताऱ्याहून आलो, कंपनीत आहे' असंच म्हणतो. जपानीतही तसंच. सहा वाक्यांत सहा वेळा 'वाताशि' आलं तर ते फार मी-मी करणारं वाटतं. एकदा म्हटलं तरी पुष्कळ, नाही म्हटलं तरी चालतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. जपानीत दुसऱ्याच्या नावापुढे 'सान्' लावतात, आपल्या राव किंवा ताईसारखं. ते स्वतःच्या नावाला कधीही लावायचं नाही. पहिल्या तासाला मी ऐटीत माझ्या नावापुढे सान् लावून मोकळा झालो होतो. शिक्षिका हसल्या नाहीत, पण मागच्या बाकावरून आवाज आला, 'मी जोशीसाहेब बोलतोय!' चूक नेमकी तीच होती.

याच जातीची दुसरी चूक 'नाव' या शब्दाची. नाव म्हणजे 'नामाए'. शिक्षक विचारताना आदराचा 'ओ' जोडतात: 'ओनामाए वा?' उत्तर देताना तो 'ओ' उचलून स्वतःला लावायचा नाही. 'आपलं शुभनाव?' असं कोणी विचारलं तर आपण 'माझं शुभनाव प्रसाद' म्हणत नाही. (काही जण म्हणतात, पण ते सोडा.)

आणि प्रसादचा पुरासाऽदो कसा झाला? परदेशी नावं जपानीत काताकाना लिपीत लिहितात आणि त्या लिपीत 'न्' सोडला तर सुटं व्यंजन नाही. प्रत्येक व्यंजनाला स्वर चिकटलेला असतो. मग 'प्र'चा 'पुरा' होतो. शेवटच्या अर्ध्या व्यंजनाला सहसा 'उ' लागतो, पण त आणि द यांना 'ओ' लागतो. प्रकाश 'पुराकाऽशु' होतो, प्रसाद 'पुरासाऽदो'. ल आणि ळ दोन्ही नाहीत, त्यांच्या जागी र येतो: शीतलची 'शीऽतारु' होते, ललिताची 'रारिता'. ख, घ, थ, ध, भ यांचा हकार गळतो, म्हणून देशमुख 'देऽशुमुकु' होतात. स्मिताची सुमिता होते. ती बिचारी पहिल्या दिवशी चिडते, पण तिला सांगायला हवं की सुमिता हे जपानमध्ये आडनावही आहे.

तुमचं नाव कसं लिहायचं ते पहिल्या तासाआधी शिक्षकांना विचारून ठेवा, कारण काही नावांना दोन पर्याय असतात. विजय 'बिजाइ' असाही लिहितात, आणि परदेशी व साठी बनवलेलं अक्षर वापरून 'विजाइ' असाही. एक निवडला की हजेरीपासून परीक्षेच्या अर्जापर्यंत तोच ठेवायचा. अर्ध्या वर्षाने बदललात तर कागदोपत्री दोन माणसं तयार होतात.

नाव सांगताना एकच सांगा, ज्याने हाक मारलेली हवी ते. जपानी माणूस आडनाव आधी सांगतो, पण आपण आपला क्रम उलटा करायची गरज नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पूर्ण माळ ओढली तर समोरच्याला कुठला तुकडा पकडावा ते कळत नाही.

वाक्य तिसरं: गाव

'कारा' म्हणजे 'हून', 'किमाश्ता' म्हणजे 'आलो'. क्रम अगदी मराठीचा: सातारा-हून आलो. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला हे वाक्य उलटं करावं लागतं. आपल्याला फक्त शब्द बदलायचे. म्हणून एक विनंती आहे: मनात इंग्रजी वाक्य बनवून त्याचं जपानी करू नका. मराठीतून थेट या.

पुस्तकात बहुधा 'इन्दो नो पुनेऽ कारा किमाश्ता' असं वाक्य असेल. 'नो' म्हणजे चा-ची-चे, तेव्हा 'भारतातल्या पुण्याहून आलो'. मोठी जागा आधी, लहान नंतर, आपल्यासारखंच. हे वाक्य जपानमधल्या शिक्षकांसमोर ठीक आहे. पण सदाशिव पेठेतल्या वर्गात सगळेच पुण्याचे असताना भारतातल्या पुण्याहून आलो म्हणणं जरा विनोदी होतं. तिथे मूळ गाव सांगा. त्यासाठी आणखी एक छान वाक्य आहे: 'शुश्शिन् वा सातारा देस्', म्हणजे मूळचा साताऱ्याचा.

वाक्य चौथं: काम

'काइशाइन्' म्हणजे कंपनीत नोकरी करणारा. विद्यार्थी असाल तर 'गाक्सेऽ', बँकेत असाल तर 'गिन्कोऽइन्', गृहिणी असाल तर 'शुफु', अभियंता असाल तर 'एन्जिनिआ'. कंपनीचं नाव घ्यायचं असेल तर 'काइशाइन्' चालत नाही. तेव्हा कंपनीचं नाव, मग 'नो', मग नुसतं 'शाइन्' म्हणायचं. 'काइशा' म्हणजेच कंपनी. नाव घेतल्यावर तो शब्द पुन्हा कशाला?

वर्गात एखादे शाळामास्तर असतात आणि ते हमखास फसतात. 'सेन्सेऽ' म्हणजे शिक्षक हे त्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणून ते उठून 'सेन्सेऽ देस्' म्हणतात. पण सेन्सेऽ हा आदराचा शब्द आहे, दुसऱ्याला म्हणायचा. स्वतःच्या व्यवसायासाठी 'क्योऽशि' म्हणतात. डॉक्टरांचंही तेच: लोक त्यांना सेन्सेऽ म्हणतील, ते स्वतः 'इशा देस्' म्हणतील. सान्, ओ आणि सेन्सेऽ या तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे. आदर समोरच्याकडे जातो, स्वतःकडे वळत नाही. हे पहिल्या तासाला उमगलं की पुढे आदरार्थी क्रियापदांचं जंगल येतं तेव्हा वाट सापडते.

वाक्य पाचवं: आवड

'यामा' म्हणजे डोंगर, 'नोबोरि' म्हणजे चढणं. 'स्कि देस्' म्हणजे आवडतं. मधला 'गा' नीट बघा, कारण इंग्रजीच्या सवयीने इथे लोक कर्माचा 'ओ' हा प्रत्यय लावतात. मराठी माणसाने ही चूक करायचं कारण नाही. 'मला पोहे आवडतात' या वाक्यात क्रियापद कोणामागे जातं? पोह्यांमागे. मी तिथे नुसता 'मला' होऊन बाजूला बसलेला असतो. जपानीतही आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी बसते आणि 'गा' घेते. 'पोहा गा स्कि देस्'. झालं.

यामानोबोरिच्या जागी तुमची आवड घाला: वाचन 'दोकुशो', संगीत 'ओन्गाकु', सिनेमा 'एऽगा', प्रवास 'र्योकोऽ', स्वयंपाक 'र्योऽरि'. 'र्यो' आपल्या 'दर्या'सारखा तोडून म्हणू नका, 'ऱ्यो' असा एका झटक्यात म्हणायचा. फरक जमत नसेल तर 'सुऱ्या' आणि 'सूर्या' पाठोपाठ म्हणून पाहा. आपल्या लिपीत यासाठी वेगळी खूण आहे हेही नशीबच.

एकच आवड सांगा. पाच सांगितल्या तर शिक्षक प्रत्येकीवर प्रश्न विचारतील.

वाक्य सहावं आणि नमस्कार

'दोऽजो योरोश्कु ओनेगाइशिमास्' याचं शब्दशः भाषांतर करू गेलं तर 'कृपया चांगल्या रीतीने, विनंती करतो' असलं काहीतरी निघतं आणि अर्थ निसटतो. जुन्या मराठी पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहीत, ते याच्या सगळ्यात जवळचं. नव्या ठिकाणी रुजू होताना आपण 'सांभाळून घ्या' म्हणतो, तोही अर्थ यात आहे. ओळख या वाक्याशिवाय संपत नाही. तुम्ही मधलं सगळं विसरलात, नाव आणि हे वाक्य म्हटलंत, तरी जिकोशोऽकाइ पूर्ण झाली.

त्यानंतर वाकून नमस्कार, म्हणजे 'ओजिगि'. हात जोडायचे नाहीत. पुरुष हात मांड्यांच्या बाजूला ठेवतात, स्त्रिया बहुधा पुढे एकावर एक. कमरेतून साधारण 30 अंश वाका. पाठ सरळ हवी, मान तेवढी खाली घालणं म्हणजे वाकणं नव्हे. वाक्य आधी पूर्ण म्हणा आणि मग वाका. वाकता वाकता बोललं की 'ओनेगाइशिमास्' फरशीला ऐकू जातं, वर्गाला नाही. पडद्यावरच्या वर्गात कॅमेऱ्यापासून जरा मागे सरकून बसा, नाहीतर सगळ्यांना तुमचा भांगच दिसतो.

मग प्रश्न येतात

पाठ केलेलं संपलं की शिक्षक एखादा प्रश्न टाकतात आणि खरी धांदल इथे उडते. प्रश्न ओळखायची खूण सोपी आहे. जपानीत वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न होतो. होय, आपलाच 'का'! दोन भाषांचं काही नातं नाही, हा योगायोग आहे, पण फार उपयोगी आहे. 'गाक्सेऽ देस् का' म्हणजे 'विद्यार्थी आहात का'. 'ने' हा शेवटी आला तर तो आपला 'ना': 'आत्सुइ देस् ने', 'गरम होतंय ना'. त्यावर 'सोऽ देस् ने' म्हणून मान डोलावली की पुरे.

असा एक संवाद घडतो:

शिक्षिका: पुरासाऽदो-सान् वा गाक्सेऽ देस् का.
(प्रसाद, तुम्ही विद्यार्थी आहात का?)

प्रसाद: इइए, गाक्सेऽ जा आरिमासेन्. काइशाइन् देस्.
(नाही, विद्यार्थी नाही. कंपनीत आहे.)

शिक्षिकेने 'तुम्ही'साठी सर्वनाम न वापरता नावच घेतलं, हे पाहिलंत? शब्दकोशात 'तुम्ही'साठी 'आनाता' सापडेल, पण नाव ठाऊक असलेल्या माणसाला तो वापरणं उद्धट वाटू शकतं. शिक्षकांना तर कधीच नाही. त्यांना 'सेन्सेऽ' म्हणा.

'ओशिगोतो वा?' असं ऐकलं तर काम विचारताहेत. 'शुमि वा नान् देस् का' म्हणजे छंद काय. आवडीचं वाक्य आधीच म्हटलेलं असेल तर तेच पुन्हा म्हणा, किंवा 'यामानोबोरि देस्' एवढं सांगा. काहीच कळलं नाही तर गप्प राहू नका आणि इंग्रजीकडेही वळू नका. 'सुमिमासेन्, मोऽ इचिदो ओनेगाइशिमास्' म्हणा. 'माफ करा, पुन्हा एकदा सांगाल का' असा त्याचा अर्थ. हे वाक्य खरं तर सातवं म्हणून त्या सहांच्या खालीच लिहून ठेवायला हवं.

'हो' म्हणायला 'हाइ' आहे. पण जपानी माणूस ऐकताना मध्येमध्ये 'हाइ, हाइ' म्हणतो तो आपला फोनवरचा 'हं, हं' असतो. तो होकार समजू नका.

तुमचं झाल्यावर शेजारचा उठेल, तुमच्याकडे वळून वाकेल आणि 'योरोश्कु ओनेगाइशिमास्' म्हणेल. तेव्हा नुसतं हसून चालत नाही. 'कोचिराकोसो, योरोश्कु ओनेगाइशिमास्' म्हणायचं: 'छे, छे, मीच म्हणायला हवं'. आणि पुन्हा वाकायचं, त्याच्याइतकंच.